एका स्क्रीनशॉटमधला नफा

छोट्या धंद्याचा वर्षाचा हिशेब आता बहुतेक वेळा मोबाइलवरच येतो. सीएच्या ऑफिसातला हिशेबनीस टॅलीत नफा-तोटा खातं उघडतो, स्क्रीनचा फोटो काढतो आणि मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करतो. मालक सगळ्यात खालचा आकडा बघतो, गेल्या वर्षीच्या आकड्याशी मनातल्या मनात ताडून पाहतो आणि कामाला लागतो. बँकेचा माणूसही तोच फोटो मागतो, भागीदारीत यायला निघालेला मेहुणाही तोच मागतो. एवढ्या लोकांचे निर्णय ज्या फोटोवर ठरतात, तो नीट वाचायचा कसा, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. ढोबळ नफ्याचं प्रमाण, निव्वळ नफ्याचं प्रमाण आणि सगळ्यात मोठे खर्च, या तीन गोष्टी त्यातून काढायच्या आहेत. भागाकार दहा मिनिटांत उरकतो. ज्या आकड्यांना भागायचं ते खरे आहेत का, हे पाहायला मात्र वेळ लागतो, आणि पुस्तिकेची बहुतेक पानं त्यातच गेली आहेत.

प्रस्तावनेसाठी मी एकच उदाहरण घेतो. ते रचलेलं आहे, आणि हिशेब डोळ्यांपुढे राहावा म्हणून आकडे गोल ठेवले आहेत. फरसाण बनवणारा एक छोटा कारखाना आहे. मालक एकटा, कढईवर चार-पाच माणसं, माल पोचवायला एक टेम्पो, गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या गावांतली किराणा दुकानं. वर्ष एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. फोटोत हे दिसतं:

```
Profit & Loss A/c      1-Apr-24 to 31-Mar-25

Opening Stock      2,40,000 | Sales Accounts    62,50,000
Purchase Accounts 38,60,000 | Closing Stock      3,10,000
Direct Expenses    9,10,000 |
Gross Profit c/o  15,50,000 |
                  65,60,000 |                   65,60,000
Indirect Expenses 10,85,000 | Gross Profit b/f  15,50,000
Nett Profit        5,05,000 | Indirect Incomes     40,000
Total             15,90,000 | Total             15,90,000
```

डावीकडे खर्च, उजवीकडे उत्पन्न. वरचा अर्धा भाग म्हणजे आपलं जुनं व्यापार खातं आणि खालचा अर्धा नफा-तोटा खातं. काहीही भागण्याआधी दोन कामं करावीत. पहिलं म्हणजे वरची तारीख वाचायची. अकरा महिन्यांचा फोटो वर्षाचा म्हणून फिरताना मी पाहिला आहे, आणि त्यात शेवटच्या महिन्याच्या नोंदी अर्धवट असतात. दुसरं म्हणजे बेरजा स्वतः करायच्या. फोटो अंधूक असला की ३८,६०,००० आणि ३६,८०,००० यांत गफलत होते, पण दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच यावी लागते, त्यामुळे चुकीचा वाचलेला आकडा लगेच उघडा पडतो. कडेला कापला गेलेला एखादा आकडाही बेरजेतून उलटा काढता येतो. इथे २,४०,०००, ३८,६०,००० आणि ९,१०,००० मिळून ५०,१०,००० होतात. ते ६५,६०,००० मधून वजा केले की १५,५०,००० उरतात, म्हणजे वाचन बरोबर आहे.

आता प्रमाणं. ढोबळ नफा १५,५०,००० भागिले विक्री ६२,५०,०००, म्हणजे २४.८ टक्के. निव्वळ नफा ५,०५,००० भागिले तीच विक्री, म्हणजे जवळपास ८.१ टक्के. नवशिक्याचा हात इथे हमखास चुकतो, कारण तो वरच्या भागाच्या बेरजेने भागतो. ६५,६०,००० हा आकडा ठळक दिसतो, पण त्यात शिल्लक माल मिसळलेला आहे. तो नुसता दोन बाजू जुळवणारा आकडा आहे, त्याला धंद्यात काही अर्थ नाही. भागायचं ते फक्त विक्रीने, आणि तीही परत आलेला माल वजा करून, जीएसटी सोडून. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी असलेल्या धंद्यात टॅलीतल्या विक्रीत कर धरलेला नसतो, पण बिलाची पूर्ण रक्कम विक्रीत टाकणारे हिशेबनीस आहेत. शंका आली तर वर्षभराच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्रांत दाखवलेल्या करपूर्व विक्रीशी हा आकडा जुळतो का ते पाहावं. निव्वळ नफ्यात ४०,००० चं इतर उत्पन्नही बसलेलं आहे. ते मुदत ठेवीचं व्याज असेल तर फरसाणाशी त्याचा संबंध नाही. ते काढलं की धंद्याचा स्वतःचा निव्वळ नफा ४,६५,००० राहतो, म्हणजे ७.४ टक्के.

बहुतेक लोक इथे थांबतात. माझ्या मते खरं वाचन इथून सुरू होतं, आणि ते उजवीकडच्या दुसऱ्या ओळीपासून, Closing Stock पासून.

फोटोतले बाकीचे आकडे कुठल्या ना कुठल्या कागदाला बांधलेले असतात. विक्रीला बिलं असतात, खरेदीला पुरवठादाराची बिलं, भाड्याला करार, व्याजाला बँकेचं पत्रक. अखेरच्या मालाला असा बाहेरचा कागद नसतो. ३१ मार्चच्या रात्री कोणीतरी गोदामात उभं राहून बेसनाची पोती, तेलाचे डबे आणि तयार मालाची पाकिटं मोजली असतील, तरच तो आकडा खरा. टॅलीत मालाची आवक-जावक वेगळी नोंदवत नसतील तर हा आकडा हाताने भरावा लागतो, आणि भरणारा बहुधा कारखान्यात पाऊल न टाकलेला हिशेबनीस असतो. शिल्लक माल एक रुपयाने जास्त दाखवला की ढोबळ नफा एक रुपयाने वाढतो आणि निव्वळ नफाही तेवढाच वाढतो. आपल्या उदाहरणात एक लाखाचा फरक म्हणजे दोन्ही प्रमाणांत १.६ टक्क्यांचा फरक. निव्वळ नफाच आठ टक्के असलेल्या धंद्यात हा फरक फार मोठा आहे.

मग या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे नुसत्या फोटोवरून कसं ओळखायचं? शिल्लक किती दिवसांची आहे ते काढायचं. वर्षात वापरलेला माल म्हणजे सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी वजा अखेरची शिल्लक. इथे तो ३७,९०,००० होतो. ३६५ ने भागले की रोज सुमारे १०,४०० रुपयांचा माल लागतो, म्हणजे ३,१०,००० ची शिल्लक साधारण तीस दिवसांची झाली. आता मालकाला विचारायचं, बेसन आणि तेल किती दिवसांनी आणता? तो म्हणाला, दर आठवड्याला आणतो, आणि तयार माल तीन-चार दिवसांत निघून जातो, तर महिनाभराचा साठा गोदामात असणं शक्यच नाही. समजा खरी शिल्लक पंधरा दिवसांची, म्हणजे १,६०,००० च्या आसपास निघाली. मग ढोबळ नफा १४,००,००० वर येतो आणि प्रमाण २२.४ टक्के होतं. निव्वळ नफा ३,५५,००० होतो, म्हणजे ५.७ टक्के. एका ओळीत दुरुस्ती केली आणि निव्वळ नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

हा आकडा का फुगतो, याची दोन कारणं मला वारंवार दिसली आहेत. एक अज्ञानातून येतं. तयार माल विक्रीच्या भावाने धरतात, म्हणजे न विकलेल्या पाकिटांवरचा नफा आजच पदरात टाकून घेतात. लेखाशास्त्राचा नियम असा की शिल्लक माल त्याला पडलेल्या खर्चाने किंवा विकून मिळण्याजोग्या किमतीने, यातली जी रक्कम कमी असेल तिने धरायचा. दुसरं कारण जास्त नाजूक आहे. आयकर कायद्यात ठरावीक मर्यादेतल्या छोट्या धंद्याला उलाढालीच्या आठ टक्के नफा धरून कर भरायची सोय आहे, आणि बँकेमार्फत किंवा ऑनलाइन आलेल्या रकमेवर तो सहा टक्के धरला जातो. त्याहून कमी नफा दाखवायचा तर हिशेब ठेवण्याची आणि तपासून घेण्याची जबाबदारी मागे लागू शकते. त्यामुळे काही ठिकाणी नफा आधी ठरतो आणि अखेरची शिल्लक त्याला जुळेल अशी मागून भरली जाते. निव्वळ नफा दरवर्षी आठ टक्क्यांच्या काठावर येत असेल, शिल्लक गोल हजारांत असेल आणि विक्री तेवढीच राहूनही शिल्लक दरवर्षी वाढत असेल, तर संशयाला जागा आहे. शिल्लक वाढत जाण्याचं कारण सरळ आहे. यंदाची फुगलेली अखेरची शिल्लक पुढच्या वर्षी सुरुवातीची शिल्लक होऊन खर्चाच्या बाजूला बसते, आणि तो खड्डा बुजवायला पुढच्या वर्षी आणखी मोठा आकडा लागतो. अशा फोटोवरून काढलेलं प्रमाण कराच्या कागदापुरतं असतं. धंदा चालवायला त्याचा उपयोग नाही.

मोठ्या खर्चांकडे वळू. फोटोत डावीकडे Purchase Accounts, Direct Expenses आणि Indirect Expenses असे तीन मोठे आकडे दिसतात, आणि हेच सगळ्यात मोठे खर्च असं समजून लोक मोकळे होतात. यातले शेवटचे दोन हे नुसते गट आहेत, त्यांच्या पोटात वेगवेगळी खाती आहेत. पहिला आकडा खरेदीचा आहे, वापराचा नाही. म्हणून हिशेबनिसाकडून दोन्ही गट उघडलेला दुसरा फोटो मागवायचा. आपल्या उदाहरणात प्रत्यक्ष खर्चाच्या ९,१०,००० मध्ये मजुरी ४,२०,०००, सिलिंडर २,६५,०००, आवक मालाचं भाडं-हमाली १,१०,००० आणि पॅकिंग १,१५,००० आहे. अप्रत्यक्ष खर्चाच्या १०,८५,००० मध्ये पगार २,८८,०००, टेम्पोचा खर्च १,९६,०००, जागाभाडं १,८०,०००, पॅकिंग मटेरियल १,३५,०००, बँकेचं व्याज १,३२,०००, वीज ८४,००० आणि किरकोळ ७०,००० आहे.

हीच यादी मोठ्याकडून लहानाकडे लावली तर पॅकिंग मागच्या बाकावर बसतं, कारण ते दोन खात्यांत फुटलं आहे. साधी पिशवी प्रत्यक्ष खर्चात गेली आणि छापील पाकीट दुसऱ्या पुरवठादाराचं म्हणून अप्रत्यक्ष खर्चात पडलं. माणसांवरचा खर्चही तसाच फुटला आहे, कढईवरच्यांची मजुरी वर आणि पोचवणाऱ्यांचा पगार खाली. मालकाच्या दृष्टीने हे एकेकच खर्च आहेत, म्हणून आधी ते कामाप्रमाणे एकत्र करायचे आणि मग विक्रीने भागायचे. कच्चा माल ३७,९०,०००, म्हणजे ६०.६ टक्के. माणसं ७,०८,०००, म्हणजे ११.३ टक्के. गॅस आणि वीज मिळून ३,४९,०००, म्हणजे ५.६ टक्के. आणणं-पोचवणं ३,०६,०००, म्हणजे ४.९ टक्के. पॅकिंग २,५०,०००, म्हणजे बरोबर चार टक्के. आता दिसतं की पॅकिंग जागाभाड्यापेक्षाही मोठं आहे, आणि घरमालकाशी वर्षभर घासाघीस करणाऱ्या मालकाने पाकिटाचा भाव कधी दुसरीकडे विचारलेलाच नसतो.

या फाटाफुटीचा ढोबळ नफ्यावरही परिणाम होतो. छापील पाकिटाचे १,३५,००० वरच्या गटात टाकले, आणि ते तिथेच असायला हवेत, तर ढोबळ नफा १४,१५,००० होतो आणि प्रमाण २२.६ टक्क्यांवर येतं. निव्वळ नफा तेवढाच राहतो. म्हणून दोन फरसाणवाल्यांची ढोबळ प्रमाणं शेजारी ठेवून एकाला हुशार आणि दुसऱ्याला कच्चा ठरवण्याआधी दोघांनी कोणता खर्च कुठल्या गटात टाकला आहे ते पाहावं. एकाच धंद्याची दोन वर्षं ताडतानाही हेच बघायचं. मधल्या काळात हिशेबनीस बदलला असेल तर निम्मा फरक त्याच्या सवयींचा असतो.

कच्च्या मालाचे ६०.६ टक्के हा सगळ्यात मोठा खर्च आहे हे कळलं, पण एवढ्याने मालकाने काय करायचं ते कळत नाही. त्यासाठी वर्ष दोन भागांत मोडावं लागतं. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. फरसाणाच्या धंद्यात तेल आणि बेसन हीच मोठी खरेदी, त्यामुळे वर्षाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे दोन निराळे काळ होते. दिवाळीही तेव्हा ऑक्टोबर संपता संपता आली, म्हणजे फराळाची विक्री सगळी उत्तरार्धात. टॅलीत कालावधी बदलून दोन फोटो मागवले आणि समजा असं दिसलं: पहिल्या सहा महिन्यांत विक्री २७,५०,००० आणि ढोबळ नफा ७,७०,०००, म्हणजे २८ टक्के, पुढच्या सहा महिन्यांत विक्री ३५,००,००० आणि ढोबळ नफा ७,८०,०००, म्हणजे २२.३ टक्के. विक्री साडेसात लाखांनी वाढली आणि ढोबळ नफा अवघा दहा हजारांनी. सणात माणसं रात्री उशिरापर्यंत कढईपाशी उभी होती, टेम्पो रोज दोन फेऱ्या करत होता, आणि ती सारी वाढीव मेहनत जुन्या भावाने माल देण्यात गेली. वर्षाच्या २४.८ टक्क्यांत हे कुठेच दिसत नाही.

इथेही शिल्लक मालाचा प्रश्न येतोच. ३० सप्टेंबरला माल मोजला नसेल तर सहामाहीचे दोन्ही आकडे निरर्थक. ओळखायची खूण म्हणजे सहामाहीच्या फोटोत Closing Stock रिकामा असतो, किंवा सुरुवातीच्या शिलकेएवढाच, रुपयाचाही फरक नसलेला असतो. असा फोटो परत पाठवावा. माझं सांगणं एवढंच, की दर तिमाहीच्या शेवटच्या संध्याकाळी मालकाने स्वतः गोदाम मोजावं आणि कागदावर सही-तारीख टाकून त्याचा फोटो हिशेबनिसाला पाठवावा. छोट्या कारखान्यात एका संध्याकाळचं काम आहे.

एक खर्च असाही आहे जो कितीही गट उघडले तरी फोटोत सापडणार नाही. मालकी एकट्याची असेल तर मालकाच्या स्वतःच्या कष्टाचा मोबदला नफा-तोटा खात्यात येत नाही. घरखर्चाला काढलेले पैसे उचल म्हणून त्याच्या भांडवल खात्यातून वजा होतात. भागीदारी संस्थेत भागीदारांचा पगार खर्चात धरता येतो, त्यामुळे सारखेच चालणारे दोन धंदे कागदावर फार वेगळे दिसतात. आपला मालक पहाटेपासून कारखान्यात असतो. त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवायचा तर महिना ३५,००० द्यावे लागतील असं धरू. वर्षाचे ४,२०,००० झाले. धंद्याच्या ४,६५,००० मधून ते वजा केले की ४५,००० उरतात, म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. फोटोतल्या खर्चांत घसारा कुठे दिसला नाही, हेही लक्षात आलं असेल. तो बहुधा वर्षाचा हिशेब बंद करताना शेवटी टाकतात, आणि घाईने पाठवलेल्या फोटोत तो नसतो. यंत्रं आणि टेम्पो मिळून पुस्तकी किंमत चार लाख असेल आणि आयकराच्या १५ टक्के दराने घसारा धरला, तर आणखी ६०,००० जातात. धंदा १५,००० ने तोट्यात येतो.

याचा अर्थ मालकाने धंदा बंद करावा असा नाही. पण भागीदार व्हायला निघालेल्या मेहुण्याने त्या ८.१ टक्क्यांत आपला वाटा मागू नये एवढं नक्की, कारण तो बहुतेक सगळा मालकाचा पगार आहे. बँकेच्या हप्त्याचाही विचार याच जागी करावा. खर्चात फक्त व्याज दिसतं, मुद्दलाची परतफेड नफ्यातून होते, आणि घरखर्चाची उचलही त्याच नफ्यातून होते.

पुढच्या प्रकरणांत हीच पद्धत एका किराणा दुकानाला, एका खानावळीला आणि एका गॅरेजला लावून पाहिली आहे. खानावळीत शिल्लक माल जवळजवळ नसतोच, म्हणून तिथे सारी मेहनत माणसांवरचा खर्च एकत्र करण्यात जाते. गॅरेजमध्ये सुट्या भागांची विक्री आणि मजुरीचं उत्पन्न वेगळं केल्याशिवाय ढोबळ प्रमाण काढूच नये असं माझं मत आहे, आणि ते का, हे तिथे सविस्तर लिहिलं आहे. वाचकाने पुस्तिका हाती घेताना शेजारी आपल्या धंद्याचा फोटो उघडून ठेवावा, दोन्ही गट उलगडलेला, पूर्ण वर्षाचा, आणि ३१ मार्चची शिल्लक नेमकी कोणी मोजली हे हिशेबनिसाला विचारूनच पहिलं प्रकरण सुरू करावं.